ध्वनीच्या आधारावर तरंगणारे मणी आणि त्यांच्यामधील अंतर

चाळीस हजार हर्ट्झच्या अश्राव्य ध्वनीचे दोन ट्रान्सड्यूसर एकाच उभ्या रेषेत एकमेकांकडे तोंड करून बसविले आणि त्यांच्यामधल्या तीन-साडेतीन सेंटिमीटरच्या पोकळीत थर्माकोलचे दोन मिलिमीटर व्यासाचे मणी जाळीच्या चिमट्याने एकेक करून सोडले, तर ते खाली पडत नाहीत. एकाखाली एक, सुमारे सव्वाचार मिलिमीटरांच्या समान अंतराने, हवेतच स्थिर राहतात. हा प्रयोग अलीकडे शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांतून पुष्कळदा मांडला जातो आणि तेथे ठेवलेल्या फलकावर बहुधा एकच विधान असते, ते असे की दोन मण्यांमधील अंतर म्हणजे ध्वनीच्या तरंगलांबीचे अर्ध होय. हे विधान खरे आहे, परंतु ते ज्या अटींवर खरे आहे त्या अटी फलकावर लिहिलेल्या नसतात. मणी जेथे बसतो ते स्थान आणि तरंगाचा निस्पंद जेथे असतो ते स्थान ही दोन नेहमी एक नसतात. आणि खुद्द निस्पंदांमधील अंतरही प्रत्येक यंत्रात तंतोतंत अर्धी तरंगलांबी भरत नाही. या दोन गोष्टींचा उलगडा आजवर कसा होत गेला आणि मोजणाऱ्याने त्यांचा हिशेब कसा ठेवावा, याचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम मूळ गोष्ट ध्यानात घ्यावी. सारख्याच वारंवारतेचे दोन तरंग परस्परविरुद्ध दिशांनी जाऊन एकमेकांत मिसळले म्हणजे त्यांच्या मिलाफातून स्थिर तरंग निर्माण होतो. त्यात काही ठिकाणी हवेचा दाब क्षणोक्षणी सर्वाधिक चढतो-उतरतो, तर काही ठिकाणी तो मुळीच हलत नाही. पहिल्या स्थानांना दाबाचे प्रस्पंद आणि दुसऱ्यांना दाबाचे निस्पंद म्हणतात. दाब जेथे स्तब्ध असतो तेथे हवेचे कण मात्र सर्वांत जोराने मागेपुढे हेलकावत असतात, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लागोपाठच्या दोन निस्पंदांत अर्ध्या तरंगलांबीचे अंतर असते. 20 अंश सेल्सिअस तपमानाला कोरड्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, त्यामुळे 40,000 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी 8.58 मिलिमीटर आणि तिचे अर्ध 4.29 मिलिमीटर येते. प्रदर्शनातला तो सव्वाचार मिलिमीटरांचा आकडा येथून आलेला आहे.

निस्पंदांमधील अंतर डोळ्यांना दिसेल आणि पट्टीने मोजता येईल अशी तजवीज प्रथम केली ती ऑगस्ट कुंट या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने, 1866 मध्ये. त्याने आडव्या काचनलिकेत हलकी भुकटी पसरली आणि मध्यभागी घट्ट धरलेल्या दांड्याला राळ लावलेल्या फडक्याने घासून त्या दांड्याच्या टोकाने नलिकेतील हवेत ध्वनी उत्पन्न केला. भुकटी समान अंतरांवर राशी करून बसली. दोन राशींमधील अंतर हवेतील अर्धी तरंगलांबी आणि दांड्याची स्वतःची लांबी त्या पदार्थातील अर्धी तरंगलांबी, असे असल्यामुळे केवळ दोन लांबींच्या भागाकारावरून दांड्यातील ध्वनिवेग कळू लागला. पुढे नलिकेत हवेऐवजी दुसरा वायू भरून त्यातील ध्वनिवेग काढण्याचा शिरस्ता पडला. 1876 मध्ये कुंट आणि वारबुर्ग यांनी पाऱ्याच्या वाफेवर हाच प्रयोग करून तिचे रेणू एकाच अणूचे असल्याचा दाखला दिला. मात्र कुंटच्या राशी आणि आपले तरंगणारे मणी यांना एकच कारण लावता येत नाही. नलिकेच्या तळाशी पडलेली भुकटी हवेच्या मंद चक्राकार प्रवाहांमुळे गोळा होते, हे लॉर्ड रॅले यांनी 1884 मध्ये दाखवून दिले. राशींमधील अंतर अर्धी तरंगलांबीच असते, परंतु त्या ज्या जागी साचतात त्या दाबाच्या निस्पंदापासून पाव तरंगलांबीने बाजूला, दाबाच्या प्रस्पंदापाशी, असतात. अंतर सारखे म्हणून स्थानही सारखे, असा निष्कर्ष काढणाऱ्याची येथे फसगत होते.

हवेत अधांतरी मणी धरून ठेवणारे बल निराळ्या स्वरूपाचे आहे. ध्वनीतील दाबाचा चढ आणि उतार एका आवर्तनात एकमेकांना छेदून टाकतात, म्हणून वरवर पाहता मण्यावर सरासरी बल शून्य यावे. परंतु हा हिशेब पहिल्या पायरीपुरताच खरा आहे. दाबाच्या चढउताराचा वर्ग आणि वेगाचा वर्ग यांची सरासरी शून्य होत नाही. दाब जेथे जोराने हलतो तेथे सरासरी दाब किंचित वाढलेला असतो आणि हवा जेथे जोराने हेलकावते तेथे तो किंचित घटलेला असतो. म्हणून हवेपेक्षा पुष्कळ जड व टणक अशा मण्यावर दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात आणि त्याला दाबाच्या निस्पंदाकडे ढकलतात. 1933 मध्ये ब्यूक्स आणि म्युलर यांनी द्रवाचे थेंब अशा तरंगात धरून दाखविले, तर पुढच्याच वर्षी लुई किंग यांनी ताठ गोलावर येणाऱ्या या बलाचे गणित प्रसिद्ध केले. 1955 मध्ये योसिओका आणि कावासिमा यांनी दबू शकणाऱ्या गोलांसाठी त्याचा विस्तार केला आणि 1962 च्या सुमारास गॉर्कॉव्ह यांनी हा सर्व विचार स्थितिज ऊर्जेच्या एका सुटसुटीत सूत्रात बसविला. आज या विषयातील बहुतेक गणिते याच सूत्रावर चालतात. पाण्यातील लहान बुडबुडा मात्र याच सूत्राप्रमाणे उलट वागतो आणि दाबाच्या प्रस्पंदाकडे जातो, कारण तो भोवतालच्या द्रवापेक्षा हलका आणि सहज दबणारा असतो. तेव्हा कोणत्या स्थानी जावयाचे हे वस्तू आणि माध्यम या दोहोंवर अवलंबून असते, एकट्या तरंगावर नव्हे.

या सूत्रातून एक फार उपयुक्त गोष्ट निघते. ध्वनीचे बल मण्याच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढते आणि त्याचे वजनही आकारमानाच्याच प्रमाणात वाढते. म्हणून मणी तरंगलांबीच्या मानाने लहान असेतोवर तो तरंगण्यास किती जोराचा ध्वनी लागेल हे त्याच्या व्यासावर नव्हे, तर केवळ त्याच्या घनतेवर ठरते. थर्माकोलची घनता घनमीटरला 20 किलोग्रॅम धरली, तर 40,000 हर्ट्झच्या स्थिर तरंगात दाबाचा आयाम सुमारे 250 पास्कल असला म्हणजे मणी जेमतेम तोलला जातो. वातावरणाच्या दाबाच्या मानाने हा आकडा पाव टक्क्याच्या घरात जातो. परंतु ध्वनीच्या मोजमापात तो सुमारे 139 डेसिबल होतो, आणि कानाला ऐकू येत नाही म्हणून त्याच्या समोर कान नेणे योग्य ठरत नाही. पाण्याच्या थेंबाची घनता थर्माकोलच्या पन्नासपट असली तरी बल दाबाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे त्याला दाब पन्नासपट नव्हे, तर सुमारे सातपट, म्हणजे साडेसतराशे पास्कलच्या आसपास लागतो. 2002 मध्ये चीनमधील शिआन येथील संशोधकांनी इरिडियमसारखा, पाण्याहून बावीसपटींपेक्षा अधिक जड धातू ध्वनीच्या बळावर तरंगत ठेवला, तो याच वर्गाच्या नियमाचा फायदा घेऊन.

आता मणी नेमका कोठे बसतो ते पाहू. निस्पंदाच्या नेमक्या ठिकाणी ध्वनीचे बल शून्य असते; तेथे मण्याचे वजन पेलणारे काहीच नसते. तो खाली सरकू लागला म्हणजे त्याला वर ढकलणारे बल वाढत जाते आणि जेथे ते वजनाइतके होते तेथे तो थांबतो. म्हणून गुरुत्वाकर्षणाच्या अमलात असलेला प्रत्येक मणी निस्पंदाच्या थोडा खालीच असतो. हे बल निस्पंदाखाली तरंगलांबीच्या एक अष्टमांशावर, म्हणजे आपल्या उदाहरणात 1.07 मिलिमीटरवर, सर्वाधिक होते. ध्वनी जेमतेम पुरेसा असेल तर मणी तेथपर्यंत उतरतो आणि त्याहून खाली गेला की पडतो. दाब या किमान मर्यादेपेक्षा एक दशांशाने अधिक असला तर तो निस्पंदाखाली सुमारे 0.66 मिलिमीटरवर स्थिरावतो आणि दुप्पट असला तर केवळ 0.17 मिलिमीटरवर. सर्व निस्पंदांत दाबाचा आयाम सारखा आणि सर्व मणी एकाच घनतेचे असतील, तर सगळे सारखेच खाली उतरतात आणि त्यांच्यामधील अंतर बिघडत नाही. परंतु प्रत्यक्षात ट्रान्सड्यूसरजवळ ध्वनी जोराचा आणि मध्यभागी क्षीण असणे शक्य आहे. अशा वेळी मधला मणी अर्धा मिलिमीटर अधिक उतरून बसला, तर त्याच्या वरचे अंतर मोठे आणि खालचे लहान दिसते, आणि निरीक्षकाला वाटते की तरंगलांबीच जागोजागी बदलत आहे.

यंत्रांचा इतिहास हा पुष्कळ अंशी हे क्षेत्र बळकट आणि सम करण्याचा इतिहास आहे. 1975 मध्ये व्हायमार्क यांनी एक ध्वनिजनक आणि त्याच्यासमोर एक परावर्तक अशा मांडणीचे विवेचन प्रसिद्ध केले, आणि ती पुढे बराच काळ प्रचलित राहिली. या मांडणीत परावर्तकाच्या पृष्ठभागावर दाबाचा प्रस्पंद असतो, पहिला निस्पंद त्यापासून पाव तरंगलांबीवर आणि पुढचे प्रत्येकी अर्ध्या तरंगलांबीवर येतात. त्यामुळे दोहोंमधील अंतर योग्य त्या मापाला आणले तरच अनुनाद साधतो आणि क्षेत्र जोरकस होते. 1985 मध्ये स्पेसलॅब 3 या मोहिमेत टेलर वांग यांनी ध्वनीच्या साहाय्याने थेंबांवर प्रयोग केले, तेथे वजनच जाणवत नसल्यामुळे वर सांगितलेले खाली उतरणे उरत नाही. उलट 2017 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील मार्झो, बार्न्स आणि ड्रिंकवॉटर यांनी टायनीलेव्ह या नावाने जी रचना प्रसिद्ध केली, तिने हा प्रयोग सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यात आणला. मोटारीच्या पार्किंग-सेन्सरमध्ये असतात तसले स्वस्त ट्रान्सड्यूसर, एकूण 72, त्यांनी समोरासमोरच्या दोन वाटीसारख्या पृष्ठभागांवर बसविले आणि आर्डुइनो व मोटर-ड्रायव्हर यांच्याकडून त्यांना 40,000 हर्ट्झचा विद्युत्संकेत पुरविला. दोन्ही बाजूंनी ध्वनी येत असल्यामुळे अनुनादाच्या बारीक जुळणीवाचून काम भागते, आणि पाण्याहून दुपटीने जड पदार्थही तेथे तरंगतात.

समोरासमोरच्या दोन ट्रान्सड्यूसरांच्या मांडणीत एक पडताळा सहज घेता येतो. एका ट्रान्सड्यूसरच्या दोन तारांची अदलाबदल केली म्हणजे त्याचा तरंग अर्ध्या आवर्तनाने उलटतो आणि सर्व निस्पंद पाव तरंगलांबीने, म्हणजे 2.1 मिलिमीटरांनी सरकतात. लागोपाठच्या निस्पंदांमधील अंतर मात्र आहे तेच राहते. दोन्ही वारंवारतांमध्ये एका हर्ट्झचा फरक ठेवला, तर निस्पंदांची रांगच्या रांग दर सेकंदाला अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे 4.3 मिलिमीटरांच्या, गतीने पुढे चालू लागते आणि मणीही तिच्याबरोबर जातात. दोन ट्रान्सड्यूसरांना स्वतंत्र उगमांतून संकेत दिल्यावर मणी सावकाश सरकू लागले, तर दोष मण्यांचा नसून वारंवारतांचा आहे हे यावरून ओळखावे.

आता प्रत्यक्ष मोजणीचा एक तपशील घेऊ. समजा, सहा निस्पंदांत सारख्याच थर्माकोलचे सहा मणी बसले आहेत. पहिल्या दोघांमधील अंतर पट्टीने मोजले आणि त्यात 0.2 मिलिमीटरची चूक झाली, तर ती जवळजवळ पाच टक्के होते. तीच चूक पहिल्यापासून सहाव्यापर्यंतच्या लांबीत झाली, तर ती एका टक्क्याच्या आत येते. म्हणून मागे मिलिमीटरची पट्टी ठेवून, कॅमेरा दूर आणि मण्यांच्या पातळीवर ठेवून छायाचित्र घ्यावे आणि संपूर्ण लांबीला मण्यांच्या संख्येने नव्हे, तर मोकळ्या जागांच्या संख्येने, म्हणजे पाचाने, भागावे. समजा, ही लांबी 21.6 मिलिमीटर भरली. एक अंतर 4.32 मिलिमीटर झाले. त्याची दुप्पट आणि 40,000 यांचा गुणाकार केला की ध्वनिवेग सेकंदाला 345.6 मीटर येतो. हा वेग सुमारे 24 अंश तपमानाच्या हवेचा आहे. खोलीतील तपमापक मात्र 20 अंश दाखवीत आहे. तर मग ही चार अंशांची तफावत कोठून आली?

तिची तीन संभाव्य कारणे आहेत आणि तिन्हींची उलटतपासणी वेगवेगळ्या मार्गाने करता येते. पहिले कारण खरोखरीची उष्णता. ट्रान्सड्यूसर चालू असताना तापतात आणि मधली हवाही तापते. प्रत्येक अंशाला ध्वनिवेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. यंत्र सुरू करताच एक छायाचित्र आणि दहा मिनिटांनी दुसरे घ्यावे; अंतर हळूहळू वाढत गेलेले दिसले तर उष्णता हे कारण मानावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात 38 अंश तपमानाला तेच अंतर 4.42 मिलिमीटर भरते, तेव्हा पुस्तकातला 4.29 हा आकडा प्रमाण धरून बसू नये. दुसरे कारण मण्यांचे असमान खाली उतरणे. विद्युद्दाब थोडा वाढवून पुन्हा मोजावे. ध्वनी जोराचा झाला म्हणजे सर्व मणी आपापल्या निस्पंदाच्या जवळ येतात, म्हणून अंतरे बदलली तर हे कारण ठरते. याहून नेमका उपाय म्हणजे संपूर्ण साधन उलटे करून पुन्हा मोजणे. साधनाच्या दृष्टीने मणी आता निस्पंदाच्या दुसऱ्या बाजूला उतरतात, त्यामुळे दोन्ही मोजण्यांतील स्थानांची सरासरी खऱ्या निस्पंदाचे स्थान देते.

तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आणि, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाचे आहे. निस्पंदांमधील अंतर अर्धी तरंगलांबी असते, हे विधान सपाट तरंगाबद्दल आहे. म्हणजे ज्याचे दाबाचे थर अक्षाला काटकोनात, समांतर आणि अमर्याद पसरलेले असतात त्याबद्दल. आपल्या यंत्रातील झोत असा नसतो. 16 मिलिमीटर व्यासाच्या ट्रान्सड्यूसरमधून निघणारा ध्वनी पसरत जातो, आणि वाटीच्या आकाराच्या यंत्रात तर तो चारही बाजूंनी तिरका येऊन मध्यावर एकवटतो. तिरक्या दिशेने जाणाऱ्या तरंगाचे दाबाचे थर अक्षावर मोजले असता मूळ तरंगलांबीपेक्षा अधिक दूर पडतात; दिशा जितकी तिरपी तितके अंतर अधिक. म्हणून मर्यादित झोतात अक्षावरील निस्पंद अर्ध्या तरंगलांबीपेक्षा नेहमी थोडे अधिक दूर असतात, आणि जेथे झोत सर्वांत अरुंद एकवटलेला असतो तेथे हा फरक सर्वांत अधिक दिसतो. याची खूण अशी, की हा फरक यंत्र थंड असतानाही तेवढाच राहतो, विद्युद्दाब बदलल्याने बदलत नाही आणि अक्षावर जागेनुसार कमीजास्त होतो. आपल्या उदाहरणातील 21.6 मिलिमीटर यंत्र सुरू करताच आणि दहा मिनिटांनीही तेवढेच भरले, आणि साधन उलटे केल्यावरही कायम राहिले, तर हवेला दोष न देता झोताच्या आकारालाच ते सुमारे 0.7 टक्के जास्तीचे अंतर जमा करावे लागेल. हा फरक लक्षात न घेता वाटीच्या यंत्रावरून ध्वनिवेग काढला, तर तो खऱ्यापेक्षा नेहमीच अधिक येतो, आणि कितीही वेळा मोजले तरी तो सरासरीने नाहीसा होत नाही.

मणी पडण्याची कारणेही याच विवेचनातून उमगतात. मणी सरळ खाली निसटला तर ध्वनी क्षीण झाला आहे, बहुधा तापलेल्या ट्रान्सड्यूसरची अनुनादाची वारंवारता 40,000 हर्ट्झपासून ढळल्यामुळे. तो आडवा सरकून बाहेर पडला तर दोष जोराचा नसून जुळणीचा आहे, कारण बाजूंनी धरून ठेवणारे बल झोताच्या कडेकडे आयाम घटण्यावर अवलंबून असते आणि ते उभ्या बलापेक्षा बरेच दुबळे असते. दोन्ही अक्ष एका रेषेत आणल्याने ते सुधारते. तो वरखाली अधिकाधिक झोके घेत उडून गेला तर ध्वनी प्रमाणाबाहेर जोराचा झाला आहे असे समजावे. बोटाने किंवा घन चिमट्याने मणी ठेवू पाहिले तर तरंगच मोडतो. म्हणून ध्वनीला आरपार जाऊ देणारी बारीक धातूची जाळी वापरतात. मणी फार मोठा असेल, म्हणजे त्याचा व्यास अर्ध्या तरंगलांबीच्या जवळ गेला असेल, तर लहान मण्यासाठी मांडलेले गणितच लागू पडत नाही, आणि 40,000 हर्ट्झला ही मर्यादा सुमारे 4 मिलिमीटरांवर येते. द्रवाच्या थेंबाला याहून एक अडचण अधिक आहे, ती अशी की जोराच्या ध्वनीत तो चपटा होत जाऊन अखेर फुटतो.

या सर्व विचाराचा निर्णय असा, की निस्पंदांमधील अंतर ही ध्वनिवेग मोजण्याची उत्तम पट्टी आहे, परंतु तिच्यावर हवेचे तपमान, ध्वनीचा जोर आणि झोताचा आकार या तिघांचे ठसे एकत्र उमटलेले असतात, आणि ते वेगळे केल्याखेरीज तिने दिलेला आकडा विश्वासार्ह मानता येत नाही. म्हणून हा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की त्यांनी आपल्या वहीत अंतराच्या आकड्याशेजारी वारंवारता, मण्यांलगतच्या हवेचे तपमान, ट्रान्सड्यूसरला दिलेला विद्युद्दाब आणि मोजलेल्या मोकळ्या जागांची संख्या या चार नोंदी न चुकता कराव्यात, आणि साधन उलटे करून घेतलेली मोजणी त्यांच्या खाली लिहावी.